केसपेपरच्या खिडकीवरचे पहिले तीन सेकंद

ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं एक निर्णय काढला. सरकारी कर्मचाऱ्यांनी फोन उचलल्यावर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं, असं त्यात सांगितलं होतं. त्यावर बाजूनं आणि विरोधात भरपूर बोललं गेलं. पण तो सगळा वाद कुठला शब्द म्हणायचा यावर होता. तो शब्द कसा म्हणायचा, याबद्दल त्यात कुणी काही विचारलं नाही. सरकारी खिडकीवर आलेल्या माणसाला आपली दखल घेतली गेली असं वाटतं की नाही, हे शब्द उच्चारण्याच्या अर्धा सेकंद आधीपासून ठरायला लागतं. समोरच्याची नजर कुठे आहे, तो किती थांबतो, आवाज कुठल्या पट्टीत लावतो आणि किती घाईनं बोलतो, यावर ते ठरतं. चेहऱ्यावर हसू आहे का, हेही त्यात येतं. पण माझ्या मते या सगळ्यात हसूच सर्वांत कमी महत्त्वाचं आहे, आणि आपली सगळी प्रशिक्षणं त्याच्याच मागे लागलेली आहेत.

मी सोलापुरात कानांच्या तपासणीचं काम करते. त्यामुळे हा प्रश्न मला शिष्टाचाराचा कमी आणि ऐकू येण्याचा जास्त वाटतो. म्हणूनच उदाहरण म्हणून बँक किंवा हॉटेल न घेता सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी घेते. तिथे येणाऱ्याला दुसरीकडे जायची सोय नसते, आणि तिथे नाव, वय किंवा विभाग चुकला तर दिवस वाया जातो.

या खिडकीवर सोलापुरात कोण येतं ते आधी बघू. पूर्व भागातून यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं येतात, घरी तेलुगू बोलणारी. विडी वळणाऱ्या बायका येतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतून कन्नड बोलणारी म्हातारी माणसं येतात. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही येतात. यातल्या बहुतेकांना मराठी येतं, पण ते दुसरं किंवा तिसरं मराठी असतं. घरात एक भाषा, कारखान्यात दुसरी आणि दवाखान्यात तिसरी. आणि यांतल्या मागवाल्यांचे कान थकलेले असतात.

साध्या शटलच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि अशा शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. वीस-पंचवीस वर्षं त्या आवाजात काढली की कानाच्या आतल्या शंखातल्या केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपास दिसतं. तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा पडतो आणि पुढे तो दोन्ही बाजूंना पसरतो. याचा अर्थ माणूस बहिरा होतो असा नाही. आ, ई, ओ हे स्वर त्याला नीट ऐकू येतात, कारण त्यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. निसटतात ती व्यंजनं. स, श, फ, थ यांसारखी बारीक, वरच्या पट्टीतली सगळ्यात आधी. आणि गर्दीच्या हॉलमध्ये, पंख्याच्या घरघरीत, बाकीच्या व्यंजनांची सुरुवातही बुडते. असा माणूस म्हणतो, ‘मला आवाज येतोय, पण काय म्हणतात ते कळत नाही.’ माझ्याकडे येणाऱ्या मागवाल्यांचं हे जवळपास ठरलेलं वाक्य आहे.

आता अशा एका माणसाला खिडकीवर उभं करून बघू. माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखे रोज येतात. वय साठच्या आसपास, गाव वळसंग, तरुणपणी शहरात येऊन मागावर लागलेला, आता खोकला महिनाभर थांबत नाही म्हणून आलेला. तासभर रांगेत उभा राहून तो खिडकीशी पोचतो. आतल्या कारकुनाची नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आहे, कारण आधीच्या माणसाची नोंद अजून पूर्ण व्हायची आहे. नजर तशीच ठेवून कारकून विचारतो, ‘नाव?’

एकच शब्द, तोही पडद्याकडे बघत, तोही उतरत्या सुरात तोडून. म्हाताऱ्याला त्यातला ‘आव’ ऐकू येतो. सुरुवातीचं अक्षर कळत नाही. ओठ दिसत नाहीत, कारण चेहरा वळलेला आहे. तो अंदाज बांधतो आणि सांगतो, ‘वळसंग.’ कारकून टाइप करायला लागतो, थांबतो, वर न बघताच म्हणतो, ‘गाव नाही, नाव विचारलं, नाव!’ आवाज आता चढलेला आहे. म्हातारा ‘आं?’ करून खिडकीच्या खालच्या भोकाशी वाकतो. मागचा माणूस सुस्कारा टाकतो. इथपर्यंत सहा-सात सेकंद झाले आहेत, आणि पुढचं सगळं यातच ठरून गेलं आहे. म्हातारा आता कमीत कमी बोलणार. वय विचारलं की कुठलातरी पूर्ण आकडा सांगणार. ‘आधी कधी आला होता का?’ याला ‘नाही’ म्हणणार, कारण ‘हो’ म्हटलं तर आणखी प्रश्न येतील. मग त्याचा जुना नंबर सापडत नाही आणि नवा केसपेपर निघतो. त्याच दवाखान्यात पूर्वी झालेली तपासणी डॉक्टरांपुढे येत नाही. ‘काय होतंय?’ याला तो ‘अंग दुखतंय’ असं काहीतरी सोपं उत्तर देतो आणि महिनाभराचा खोकला त्याच्या तोंडातच राहतो.

कारकुनाला यात आपण उद्धट वागलो असं वाटलेलं नसतं. त्याच्या मते त्यानं एक साधा प्रश्न विचारला आणि समोरच्यानं भलतंच उत्तर दिलं. आवाज चढवला तोही मदत म्हणूनच, ऐकू यावं म्हणून. पण चढवलेल्या आवाजात स्वर जास्त मोठे होतात, व्यंजनं त्या मानानं नाही. शिवाय असा कान एका मर्यादेपर्यंत ऐकत नाही आणि त्या मर्यादेच्या थोडं वर गेलं की आवाज एकदम बोचायला लागतो. म्हणून ओरडल्यावर त्याला कळत काहीच नाही, फक्त कुणीतरी आपल्यावर ओरडलं एवढंच कळतं. उलट दिशेनंही हेच घडतं. मागवाला स्वतःचा आवाज कमी ऐकतो, म्हणून मोठ्यानं बोलतो. शेडमधली सवयही असते. सोलापूरची बोली मुळातच ठसक्याची. बाहेरगावाहून बदलून आलेल्या कारकुनाला हा माणूस भांडायला आलाय असं वाटतं, आणि तो त्याच पट्टीत उत्तर देतो. दोघांच्याही मनात राग नसताना भांडणाचा सूर लागलेला असतो.

तोच म्हातारा, तीच खिडकी, आणि तेच पहिले तीन सेकंद वेगळ्या क्रमानं. आधीचा माणूस केसपेपर घेऊन बाजूला होतो आहे, तेवढ्यात कारकून मान वर करून पुढच्याकडे एकदा बघतो. भुवया किंचित वर जातात. मग हवं तर पडद्यावरचं उरलेलं टायपिंग संपवतो. म्हातारा खिडकीशी आला की दुसऱ्यांदा वर बघतो, चेहरा सरळ त्याच्याकडे ठेवून म्हणतो, ‘या काका.’ अर्धा सेकंद थांबतो. मग, ‘तुमचं नाव सांगा की.’ आणि पुन्हा थांबतो, या वेळी मनात दोन अंक मोजेपर्यंत.

यात नवं काय घडलं ते एकेक करून सांगते, कारण प्रत्येकाला कारण आहे.

ते दुरूनचं पहिलं बघणं मला फार मोलाचं वाटतं. अ‍ॅडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर या दोघांनी १९७३ साली माणसं एकमेकांना कशी भेटतात याचं बारीक वर्णन प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या एका घराच्या अंगणातल्या वाढदिवसाचं चित्रण त्यांनी तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं. त्यात दिसलं की भेट ही एकाच क्षणी होत नाही. आधी दुरून नजर मिळते, दखल घेतल्याची काहीतरी खूण होते. मग माणूस चालत जवळ येत असताना नजर बाजूला जाते. अगदी जवळ आल्यावर ती पुन्हा मिळते आणि तेव्हा बोलणं, हसणं, हात मिळवणं होतं. मधलं ते नजर काढून घेणं महत्त्वाचं आहे, कारण कुणी जवळ येईपर्यंत त्याच्याकडे सलग बघत राहणं दोघांनाही अवघड जातं. आपल्याकडेही दारात पाहुणा दिसला की आपण आधी मान हलवतो, मग चपला नीट करतो किंवा खुर्ची ओढतो, आणि तो आत आल्यावर ‘या, बसा’ म्हणतो. खिडकीवर हा पहिला टप्पा नाहीसाच झाला आहे. रांगेतल्या माणसाला आपण दिसलो की नाही हेच कळत नाही, म्हणून तो कागद आत सरकवतो, ‘ओ साहेब’ म्हणतो, कोपर पुढे काढतो. दुसऱ्या नंबरवर उभ्या असलेल्याकडे एकदा बघितलं तरी हे बरंच कमी होतं. भुवई वर जाणं हा त्याचाच भाग. आयब्ल-आयबेसफेल्ट या संशोधकानं वेगवेगळ्या देशांतल्या माणसांची चित्रणं घेऊन दाखवलं होतं की ओळख देताना भुवया क्षणभर उंचावतात, साधारण एक षष्ठांश सेकंद. हे शिकवावं लागत नाही. नजर वर आली की ते आपोआप होतं, आणि नजर पडद्यावर असली की होत नाही.

दुसरं, ‘या काका’. हे दोन शब्द माहिती विचारत नाहीत, आणि त्यांचा उपयोग त्यातच आहे. थकलेल्या कानाला किंवा दुसऱ्या भाषेतून ऐकणाऱ्याला पहिला शब्द बहुधा निसटतोच. तो शब्द ‘नाव’ असेल तर प्रश्नच हरवतो. ‘या काका’ निसटलं तर काही बिघडत नाही, पण तेवढ्यात लक्ष इकडे वळलेलं असतं, नजर ओठांवर आलेली असते आणि या माणसाचा आवाज कसा आहे हे कानानं पकडलेलं असतं. एमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली फोनवरच्या संभाषणांच्या सुरुवातीबद्दल हेच मांडलं होतं. घंटी ही हाक असते, ‘हॅलो’ हे तिला उत्तर असतं, आणि हाक-उत्तर झाल्याशिवाय मूळ विषय सुरू होत नाही. आपल्या खिडक्या हाकेची पायरी गाळून थेट विषयावर येतात. हाक मारायला सोलापुरात शब्दांची कमतरता नाही. ‘काका’, ‘मावशी’, ‘आजी’ चालतंच, आणि ‘अक्का’ तर तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही घरांत कळतं. मात्र पंचवीस वर्षांच्या मुलीला ‘मावशी’ म्हणू नये, आणि साठीच्या माणसाला कुणी ‘ए’ म्हणूच नये.

तिसरी गोष्ट सूर. ‘काय पाहिजे?’ हे वाक्य घ्या. ‘काय’वर आघात देऊन शेवट खाली तोडला तर ते ‘इथे का आलात?’ असं ऐकू येतं. आघात ‘पाहिजे’वर ठेवून शेवट किंचित उचलला, किंवा आपल्या सवयीप्रमाणे मागे ‘की’ लावला, तर तेच वाक्य विचारपूस होतं. शब्द तेच असताना एवढा फरक कसा पडतो, याची एक चांगली तपासणी २०१४ साली ग्लासगोमधल्या संशोधकांनी केली. त्यांनी ६४ जणांच्या आवाजातला फक्त ‘हॅलो’ हा शब्द, अर्ध्या सेकंदापेक्षा कमी लांबीचा, ३२० लोकांना ऐकवला आणि हा माणूस विश्वासू वाटतो का, दांडगट वाटतो का, असं विचारलं. ऐकणाऱ्यांची मतं एकमेकांशी बरीच जुळली. तो माणूस खरंच विश्वासू आहे का, हे त्यातून ठरत नाही. ऐकणाऱ्यांचं एकमत होतं एवढंच त्यातून कळतं. पण खिडकीवर तेवढंच पुरतं. केसपेपर काढायला आलेला माणूस कारकुनाचा स्वभाव तपासायला थांबत नाही, त्या अर्ध्या सेकंदावर आपण किती बोलायचं ते ठरवतो. डॉक्टरांच्या बाबतीतही असंच काहीसं आढळलं आहे. नलिनी अंबाडी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली शल्यचिकित्सकांच्या रुग्णांशी झालेल्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले, शब्द कळणार नाहीत आणि फक्त सूर उरेल असे ते केले, आणि लोकांना ऐकवले. ज्यांचा सूर हुकमी वाटला त्यांच्यावर पूर्वी हलगर्जीपणाचे दावे झालेले असण्याची शक्यता जास्त निघाली. सुरामुळेच दावे झाले असं यावरून म्हणता येणार नाही. पण सूर हा वरवरचा मामला आहे, असंही यापुढे म्हणता येणार नाही.

चौथी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी, वेगाची गोष्ट. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे २००९ साली दहा भाषांमध्ये मोजलं गेलं. सरासरी उत्तर सुमारे ०.२ सेकंद आलं. त्या दहांत आपली एकही भाषा नव्हती, पण आपणही याच वेगानं बोलत असतो हे कुणालाही जाणवेल. म्हणूनच समोरचा एक सेकंद गप्प राहिला तर आपल्याला तो फार वेळ वाटतो, आणि आपण प्रश्न पुन्हा विचारतो. पण ज्याला व्यंजनं निसटतात तो ऐकलेल्या तुकड्यावरून शब्द जुळवत असतो. जो घरी तेलुगू बोलतो तो प्रश्न समजून घेऊन उत्तर मराठीत मांडत असतो. त्याला सेकंद-दीड सेकंद लागतो. तो जुळवत असतानाच दुसऱ्यांदा प्रश्न आला की जुळवलेलं मोडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मग ‘आं?’ येतो. हा ‘आं?’ बहुतेक वेळा ऐकू न आल्याचा नसतो, आपण मध्येच बोललो त्याचा असतो. म्हणून दोन अंक मोजायचे. त्यानंतरही उत्तर आलं नाही, तर तेच शब्द मोठ्यानं म्हणण्याऐवजी वाक्य बदलून, चेहरा समोर ठेवून म्हणायचं: ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?’ लांब वाक्यात पकडायला जास्त जागा असतात. ‘नाव?’ या एका शब्दाच्या तुकड्यात एकही नसते.

नजरेबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी, कारण ‘डोळ्यात डोळे घालून बोला’ हा सल्ला आपल्याकडच्या प्रशिक्षणांत सरसकट दिला जातो. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या लोकांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली आला. त्यात पडद्यावरच्या चेहऱ्याशी नजर मिळवणं सरासरी ३.३ सेकंदांपर्यंत लोकांना सुखाचं वाटलं. हा आकडा उचलून आपल्या खिडकीवर लावणं चूक ठरेल. खेड्यातून आलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईकडे पुरुष कारकुनानं तीन सेकंद सलग बघितलं तर ते रोखून बघणंच होईल. ती मान खाली घालेल आणि सोबतच्या मुलाकडे वळेल, मग उत्तरं तो देईल. तिच्या दुखण्याचं उत्तर तिच्याच तोंडून यायला हवं असतं. तिच्यासाठी एक सेकंद नजर, मग कागदाकडे, आणि प्रश्न विचारताना पुन्हा चेहरा वर, एवढं पुरतं. काही माणसं कुणाच्याच नजरेला नजर देत नाहीत. काहींना दिसतच नाही, त्यांच्यासाठी ‘या काका’ हेच सगळं. नजरेचा उपयोग इथे समोरच्याच्या मनात शिरण्यासाठी नसून आपले ओठ दिसावेत आणि ‘आता तुमच्याशी बोलतोय’ हे कळावं, एवढ्यापुरताच आहे.

आता हसू. ‘हसतमुखानं सेवा’ अशी पाटी खिडकीवर लावणं सोपं असतं, आणि तेवढंच ते चुकीचं आहे. आधीपासून चेहऱ्यावर चढवून ठेवलेलं हसू रांगेतल्या प्रत्येकाला सारखंच मिळतं, म्हणून ते कुणालाच मिळत नाही. ज्या हसण्यावर माणसं विश्वास ठेवतात ते नजर मिळाल्यानंतर येतं आणि हळूहळू फुलतं. एकदम उमटणारं आणि एकदम विझणारं हसू खोटं वाटतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. फ्रेंच डॉक्टर दुशेन यांनी १८६२ सालीच लिहून ठेवलं की ओठ हुकमानं वर नेता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू तसा सहज हुकूम ऐकत नाही. शिवाय दवाखान्यात तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन आलेल्या आईपुढे दात दाखवणं हे स्वागत नाहीच. तिला हसणारा नको असतो, तत्पर माणूस हवा असतो. आणि कर्मचाऱ्याच्या बाजूनंही बघा. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांवर लिहिताना दाखवलं की पगारासाठी दिवसभर हसत राहणं हे एक वेगळं श्रमाचं काम आहे आणि त्याचा थकवा घरापर्यंत जातो. आठ तासांत शेकडो दुखणी ऐकणाऱ्या कारकुनाला आपण वर हसूही मागावं, हे मला अन्यायाचं वाटतं. वर बघणं, थांबणं, सावकाश विचारणं एवढं कामाचा भाग म्हणून मागता येतं, कारण त्यासाठी मनात नसलेलं काही दाखवावं लागत नाही. हसू ज्याचं त्याच्यावर सोडावं. वर बघितल्यावर ते बऱ्याचदा येतंच.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही: ‘इथे रांग दारापर्यंत असते, प्रत्येकाला या-बसा करत बसलो तर संध्याकाळ होईल.’ हिशोब करू. दुरूनची नजर, ‘या काका’ आणि थांबणं मिळून माणशी तीन सेकंद जास्त धरा. एका खिडकीवर ३०० माणसं आली तर ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. ही किंमत खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण नाव-गावाचा घोळ होऊन प्रश्न पुन्हा विचारायला, खोडून पुन्हा टाइप करायला किमान पंधरा सेकंद जातात. पाच माणसांत एकाचा जरी असा घोळ टळला तरी ती पंधरा मिनिटं वसूल होतात. चुकीच्या विभागात जाऊन परत आलेला माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो, ते मी यात धरलेलंच नाही.

मात्र सगळा भार कारकुनाच्या वागण्यावर टाकणंही बरोबर नाही, कारण बऱ्याच खिडक्या अशा बांधलेल्या आहेत की त्यातून वर बघताच येत नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर असतात, उभ्या बाईचे एकशे चाळीसच्या आसपास. मध्ये काच, आणि बोलायचं भोक टेबलाच्या पातळीवर. म्हणजे बाहेरचा बोलण्यासाठी वाकतो आणि वाकला की त्याला आतल्याचा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात. त्यात पडदा नेमका भोकासमोर ठेवलेला. आतली बाजू फूटभर उंच केली, निदान उंच स्टूल दिलं, पडदा थोडा बाजूला तिरपा सरकवला आणि काचेला तोंडाच्या उंचीवर जाळी केली, तर अर्धं काम सुतार आणि वेल्डर करून टाकतील. खिडकीच्या डोक्यावरचा खडखडणारा पंखा बदलणं हेही स्वागतातच धरायला हवं. आणि सकाळच्या गर्दीत एकाच माणसाला चार तास सलग खिडकीवर न ठेवता दोन तासांनी आतल्या नोंदींच्या कामावर बदली द्यावी. तिसऱ्या तासानंतर मान वर येणं बंद होतं, मग माणूस कितीही भला असो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला आणि कुठला दाखला किती दिवसांत मिळायला हवा, हे ठरलं. दिवस मोजता येतात म्हणून ते कायद्यात आले. पहिले तीन सेकंद मोजता येत नाहीत असं सगळे धरून चालतात, पण तेही मोजता येतात. त्यासाठी कॅमेरा किंवा तक्रारपेटी लागत नाही. कुणीतरी वही घेऊन खिडकीच्या बाजूला अर्धा तास उभं राहावं आणि तीनच खुणा टिपाव्यात: किती वेळा पहिला शब्द बोलण्याआधी मान वर आली, किती वेळा ‘आं?’ ऐकू आला, आणि किती वेळा रुग्णाऐवजी सोबतच्यानं उत्तर दिलं. हे आधी एका खिडकीवर करावं, शेजारच्या खिडकीवर काही न बदलता. दोन आठवडे आहे तसं मोजावं, मग स्टूल, जाळी, दोन तासांची पाळी आणि ‘या काका’ची सवय लावून पुन्हा दोन आठवडे मोजावं. मान वर येण्याचा आकडा वाढूनही ‘आं?’ कमी झाले नाहीत, तर दोष वागण्यात नसून हॉलच्या आवाजात आहे असं धरून आधी पंखे आणि छत बघावं लागेल. आणि सोबतचेच उत्तरं देत राहिले, तर त्या खिडकीवर तेलुगू किंवा कन्नड येणारं माणूस बसवावं लागेल. सोलापुरात असं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही, बऱ्याचदा ते त्याच कचेरीत मागच्या टेबलावर बसलेलं असतं.